प्रश्नात पुढे येतं कोण?

इंग्रजीच्या वहीत ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न सोडवताना मुलांना एक ठरलेली कसरत करावी लागते. वाक्य दिलेलं असतं, ‘डिड ही ब्रेक द विंडो?’ मग कर्म शोधायचं, ते कर्त्याच्या जागी आणायचं, ‘डिड’ काढून टाकायचा, पण त्यातला भूतकाळ लक्षात ठेवायचा, त्या काळाचं ‘वॉज’ घ्यायचं, ते सुरुवातीला ठेवायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लिहायचं आणि शेवटी ‘बाय हिम’ जोडायचं. उत्तर येतं, ‘वॉज द विंडो ब्रोकन बाय हिम?’ कागदावर हे जमतं, कारण कागद थांबतो. बोलताना समोरचा माणूस थांबत नाही. दहा-बारा वर्षं ही कसरत केलेली माणसंही तोंडाने ‘डिड द विंडो ब्रोकन?’ असं विचारून जातात. हा दोष त्यांच्या हुशारीचा नाही, रीतीचा आहे. पॅसिव्हमधला प्रश्न आणि नकार ही कर्तरी वाक्यं उलटी करून मिळवायची गोष्टच नाही, असं माझं म्हणणं आहे. ती वाक्यं स्वतःच्या पायावर उभी राहतात, आणि सगळ्या काळांत एकाच नियमाने उभी राहतात. तो नियम कर्तरी वाक्यात शोधायला गेलं की हरवतो.

नियम पाहायला एखादी हॉटेलची खोली घेऊ. काच धुळीने माखलेली आहे आणि ती साफ होण्याबद्दल आपल्याला वेगवेगळ्या वेळचं विचारायचं आहे. रोजची गोष्ट असेल तर साधं विधान आहे ‘द विंडो इज क्लीन्ड एव्हरी डे’. कालची असेल तर ‘वॉज क्लीन्ड’. आत्ता कोणी पुसत असेल तर ‘इज बीइंग क्लीन्ड’. पुसून झाली असेल आणि त्याचा परिणाम आत्ता दिसायला हवा असेल तर ‘हॅज बीन क्लीन्ड’. आपण पोचण्याआधीच पुसलेली असेल तर ‘हॅड बीन क्लीन्ड’. उद्या पुसली जाणार असेल तर ‘विल बी क्लीन्ड’. या सहाही विधानांत ‘क्लीन्ड’ जागचं हलत नाही. काळ दाखवण्याचं काम रांगेतला पहिला शब्द करतो: इज, वॉज, हॅज, हॅड, विल. प्रश्न करायचा तर तोच एक शब्द उचलून ‘द विंडो’च्या आधी ठेवायचा, बाकीची रांग जशीच्या तशी. ‘इज द विंडो बीइंग क्लीन्ड?’, ‘हॅज द विंडो बीन क्लीन्ड?’, ‘विल द विंडो बी क्लीन्ड?’ नकार करायचा तर ‘नॉट’ त्याच पहिल्या शब्दाला चिकटवायचा: ‘इजन्ट बीइंग क्लीन्ड’, ‘हॅजन्ट बीन क्लीन्ड’, ‘वोन्ट बी क्लीन्ड’. आणि नकारार्थी प्रश्न करायचा तर तो पहिला शब्द आपल्याला चिकटलेला नकार घेऊनच पुढे येतो: ‘हॅजन्ट इट बीन क्लीन्ड?’ काळ कितीही असोत, हालचाल एका शब्दाची आहे. शाळेत मात्र ही रूपं कोष्टकाच्या वेगवेगळ्या ओळींत वेगवेगळी पाठ करायला दिली जातात, आणि त्या ओळींमधलं साम्य मुलाच्या हाती लागत नाही.

नियम एवढा आखूड असेल तर चुका कुठे होतात? बहुतेक चुका या एका शब्दाच्या आसपासच होतात, आणि त्या पाहिल्या की नियम अधिक स्पष्ट होतो. ‘हॅज बीन द विंडो क्लीन्ड?’ असं म्हणणाऱ्याने एकाऐवजी दोन शब्द उचलले. ‘द विंडो हॅज बीन नॉट क्लीन्ड’ म्हणणाऱ्याने नकार दुसऱ्या शब्दाला जोडला. ‘हॅज द विंडो क्लीन्ड?’ म्हणणाऱ्याने ‘बीन’ गाळलं. ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ‘बी’चं कुठलंतरी रूप हाच पॅसिव्हचा कणा आहे. ते गेलं की वाक्य कर्तरी होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काचेनेच काहीतरी साफ केलं का, असं आपण विचारतो आहोत. म्हणून वाक्य तोंडातून बाहेर काढण्याआधी दोनच गोष्टी तपासाव्यात: रांगेत ‘बी’चं रूप आहे ना, आणि त्याच्या मागे तिसरं रूप आहे ना. ‘इज द विंडो क्लीनिंग?’ या वाक्यात पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. गंमत अशी की ही चूक एके काळी चूक नव्हती. घर बांधलं जात आहे, या अर्थी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असं इंग्रजी माणूस अठराव्या शतकात सर्रास म्हणत असे. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना त्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली आणि एकोणिसाव्या शतकात रुळली. तेव्हाच्या काही व्याकरणप्रेमींना ती इतकी खटकली की अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी शब्दांच्या वापराविषयीच्या आपल्या पुस्तकात तिच्याविरुद्ध जोरदार बाजू मांडली. आज ‘इज इट बीइंग क्लीन्ड?’ याला पर्याय नाही. पॅसिव्हच्या रांगेतलं हे ‘बीइंग’ वयाने सर्वांत लहान आहे, आणि शिकणाऱ्याच्या तोंडून सर्वांत आधी गळतं तेही बहुधा तेच.

आता ‘डिड’चा प्रश्न. तो पॅसिव्हमध्ये का येत नाही, याचं उत्तर ‘येत नाही म्हणून येत नाही’ असं दिलं जातं, आणि मुलाच्या मनात तो शब्द तसाच दबा धरून बसतो. खरं उत्तर ‘डू’च्या नेमणुकीत आहे. जुन्या इंग्रजीत प्रश्न करताना मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी जात असे. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत मुख्य क्रियापदाने जागा सोडणं बंद होत गेलं, आणि पुढे जायला कोणीतरी हवं म्हणून ‘डू’ आणि ‘डिड’ यांना तिथे बसवण्यात आलं. म्हणजे ‘डिड’ ही बदली माणसाची जागा आहे. सहायक क्रियापद हजर नसेल तेव्हाच त्याला बोलावतात. पॅसिव्हमध्ये ‘बी’, ‘हॅव’ किंवा ‘विल’ यांपैकी कोणीतरी आधीच हजर असतं, मग बदली कशाला? हे खरं आहे का, हे पडताळून पाहायची एक जागा इंग्रजीने स्वतःच ठेवली आहे. बोलण्यात ‘बी’ऐवजी ‘गेट’ वापरूनही पॅसिव्ह करतात: ‘द विंडो गॉट ब्रोकन’. अर्थ जवळजवळ तोच. पण ‘गेट’ सहायक क्रियापद नाही, ते पुढे जाऊ शकत नाही, आणि लगेच ‘डिड’ परत येतो: ‘डिड द विंडो गेट ब्रोकन?’, ‘इट डिडन्ट गेट क्लीन्ड’. पॅसिव्ह आहे म्हणून ‘डिड’ चालत नाही, असं असतं तर इथेही चाललं नसतं. तेव्हा प्रश्न व्हॉइसचा नाही, पहिल्या जागी कोण उभं आहे त्याचा आहे.

मराठी माणसाची खास अडचण यापुढे सुरू होते, आणि इथे जरा थांबायला हवं. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, असं वर्गात सांगितलं जातं. हे समीकरण दिशाभूल करतं. ‘मुलांनी काच फोडली’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद ‘काच’ या कर्माप्रमाणे चालतं. पण त्यात मुलं कुठे गेलेली नाहीत, ती पहिल्या जागीच उभी आहेत. इंग्रजीत हे वाक्य ‘द बॉइज ब्रोक द विंडो’ असंच होईल, म्हणजे साधं कर्तरी. पॅसिव्हच्या जवळ जाणारी आपली रचना ‘मुलांकडून काच फोडली गेली’ ही आहे, आणि मराठी व्याकरणात तिला नवीन कर्मणी म्हणतात, तिच्यावर इंग्रजीची छाया मानतात. रोजच्या बोलण्यात ती आपण फारशी वापरत नाही. आपल्याला तिची गरजच पडत नाही, कारण मराठीने दुसरी सोय केलेली आहे. कर्ता सांगायचा नसेल तर तो नुसता गाळता येतो: ‘काच साफ केली का?’ याहूनही मोठी सोय म्हणजे फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, सांडणे आणि सांडवणे अशा जोड्या. कोणी केलं ते माहीत नसेल किंवा काढायचं नसेल, तर आपण जोडीतलं पहिलं क्रियापद घेतो: ‘काच फुटली का?’ हा प्रश्न मनात घेऊन माणूस इंग्रजीकडे वळतो तेव्हा त्याच्या मनात पॅसिव्ह नसतोच. त्याला साधा भूतकाळ दिसतो, साध्या भूतकाळाच्या प्रश्नाला ‘डिड’ लागतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ‘फुटली’साठी ‘ब्रोकन’ हा शब्द त्याच्या कानाला ओळखीचा असतो. दोन्ही जोडले की ‘डिड द विंडो ब्रोकन?’ तयार होतं. ही चूक निष्काळजीपणाची नाही. तिच्यामागे मराठीचा सरळ तर्क आहे.

शिवाय ‘फुटली का?’ याला इंग्रजीत एक निर्दोष वाक्य आहे: ‘डिड द विंडो ब्रेक?’ ते चूक नाही, पण ते वेगळं विचारतं. समजा, एका घरात चोरी झाली आहे आणि चौकशी करणारा माणूस शेजाऱ्याशी इंग्रजीत बोलतो आहे. ‘डिड द विंडो ब्रेक?’ म्हटलं तर काच आपोआप, वाऱ्याने किंवा दार आपटल्याने फुटली का, याकडे मन जातं. कोणी हात लावल्याची कल्पना त्यात नाही. ‘वॉज द विंडो ब्रोकन?’ म्हटलं तर दोन अर्थ निघतात. एक, काच कोणी फोडली का? दोन, काच त्या वेळी फुटलेल्या अवस्थेत होती का? इंग्रजीत ‘ब्रोकन’ हे तिसरं रूपही आहे आणि विशेषणही आहे, म्हणून घटना आणि अवस्था एकाच वाक्यात राहतात. मराठीत ‘फोडली का’ आणि ‘फुटलेली होती का’ यांची गल्लत होणं अवघड आहे. चौकशीत हा फरक क्षुल्लक नाही. काच आदल्या आठवड्यापासून फुटलेलीच असेल तर चोर तिथून आला याचा पुरावा ती देत नाही. मग इंग्रजी बोलणारा माणूस काय करतो? तो संदर्भ जोडतो. ‘वॉज द विंडो ब्रोकन व्हेन यू गॉट होम?’ म्हटलं की तो अवस्था विचारतो आहे. ‘वॉज द विंडो ब्रोकन ड्युरिंग द नाइट?’ किंवा ‘वॉज द विंडो ब्रोकन विथ अ स्टोन?’ म्हटलं की घटना. किंवा तो काळ बदलतो: ‘हॅज द विंडो बीन ब्रोकन?’ यात बहुधा फोडण्याची घटनाच पुढे येते. ‘क्लीन’ या शब्दाच्या बाबतीत हा घोटाळा होत नाही, कारण तिथे अवस्थेला ‘क्लीन’ आणि घटनेला ‘क्लीन्ड’ असे वेगळे शब्द आहेत. ‘वॉज इट क्लीन?’ म्हणजे स्वच्छ होती का, ‘वॉज इट क्लीन्ड?’ म्हणजे साफ केली का. शेवटचा एक आवाज गिळला की प्रश्नच बदलतो.

नकारार्थी प्रश्नात रचना सोपी आणि अर्थ अवघड आहे. ‘हॅज इट बीन क्लीन्ड?’ विचारणाऱ्याला उत्तर माहीत नाही, त्याची काही अपेक्षाही नाही. ‘हॅजन्ट इट बीन क्लीन्ड?’ विचारणाऱ्याची अपेक्षा आहे. पण कोणती? पुढे ‘येट’ जोडला, ‘हॅजन्ट इट बीन क्लीन्ड येट?’, तर काच साफ नाही हे त्याला दिसतं आहे आणि ती एव्हाना व्हायला हवी होती, असा सूर आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘अजून साफ केली नाही?’ उलट ‘ऑलरेडी’ जोडला, ‘हॅजन्ट इट ऑलरेडी बीन क्लीन्ड?’, तर काच साफ झालेली आहे असं त्याला वाटतं आणि तो त्याला दुजोरा मागतो आहे. मराठीत तेच ‘केली ना साफ?’ होतं. एकाच रचनेत तक्रारही राहते आणि खात्रीही राहते. नुसतं ‘हॅजन्ट इट बीन क्लीन्ड?’ असेल तर सूर आणि प्रसंग यांवरूनच ठरवावं लागतं. उत्तर देतानाही मराठी माणूस अडखळतो. ‘साफ केली नाही का?’ असं विचारल्यावर आपण ‘हो, नाही केली’ असं सहज म्हणतो. तो ‘हो’ समोरच्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ अंदाजाला नसतात, वस्तुस्थितीला असतात. काच साफ झाली नसेल तर ‘नो, इट हॅजन्ट’, झाली असेल तर ‘येस, इट हॅज’, मग प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी. ‘येस, इट हॅजन्ट’ असं म्हटलं की ऐकणारा गोंधळतो, आणि फक्त ‘येस’ म्हटलं तर तो गोंधळतही नाही, काच साफ झाली असं समजून निघून जातो.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की कर्तरी वाक्य मुलाला येतं, मग येणाऱ्या गोष्टीकडून न येणाऱ्या गोष्टीकडे जाणं हीच शिकवण्याची रीत आहे. हे साध्या विधानापुरतं मला मान्य आहे. ‘दे क्लीन द विंडोज’ आणि ‘द विंडोज आर क्लीन्ड’ ही वाक्यं शेजारी ठेवली की कर्म पुढे का आलं, हे चांगलं कळतं. पण प्रश्न आणि नकार तिथून काढायला गेलं की ही रीत उलटते. ‘नोबडी हॅज क्लीन्ड द विंडो’ हे वाक्य उलटं करा. यंत्रासारखं केलं तर ‘द विंडो हॅज बीन क्लीन्ड बाय नोबडी’ मिळतं, जे कोणी बोलत नाही. बोलतात ते ‘द विंडो हॅजन्ट बीन क्लीन्ड’. म्हणजे कर्त्यात बसलेला नकार उठून पहिल्या सहायक क्रियापदाला जाऊन चिकटला, आणि कर्ता गळूनच गेला. ‘हू ब्रोक द विंडो?’ याचं ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ हे रूपांतर तर मुलांकडून नेहमी करवून घेतात. ते व्याकरणशुद्ध आहे, पण कोणी फोडली हेच जाणून घ्यायचं असेल तर इंग्रजी माणूस पॅसिव्हकडे वळतच नाही. पॅसिव्हमध्ये स्वाभाविकपणे येणारे प्रश्न सहसा कर्त्याविषयीचे नसतात: ‘व्हेन वॉज इट ब्रोकन?’, ‘हाउ वॉज इट ब्रोकन?’, ‘व्हाय हॅजन्ट इट बीन क्लीन्ड?’ इथेही तोच पहिला शब्द पुढे येतो, फक्त ‘व्हाय’च्या मागे उभा राहतो. आपल्याकडे ‘व्हाय द विंडो वॉज नॉट क्लीन्ड?’ हे फार ऐकू येतं, कारण ‘व्हाय’ आला म्हणजे प्रश्न झाला, असं मराठी कानाला वाटतं. मराठीत ‘का’ पुरेसा असतो, शब्दांची जागा बदलावी लागत नाही.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. पॅसिव्ह टाळावा असा सल्ला चांगले लेखक देतात, जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 च्या निबंधात तो नियम म्हणूनच मांडला, मग त्याच्या प्रश्नांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण ऑर्वेल यांनीही जिथे कर्तरी वापरता येतं तिथे पॅसिव्ह नको, असंच म्हटलं होतं, आणि त्यांचा रोख जबाबदारी लपवणाऱ्या राजकीय विधानांवर होता. आपल्या सरकारी पत्रांतलं ‘कळवण्यात येत आहे’ वाचताना तो राग मलाही समजतो. प्रश्नाची गोष्ट वेगळी आहे. विधान करणाऱ्याला कर्ता माहीत असून तो दडवता येतो. प्रश्न करणाऱ्याला बहुतेक वेळा कर्ता माहीतच नसतो, किंवा त्याच्याशी देणंघेणं नसतं. खोलीत शिरलेल्या पाहुण्याला काच पुसणाऱ्याचं नाव नको आहे. ‘हॅजन्ट समबडी क्लीन्ड इट?’ म्हटलं तर उगाच एक माणूस आरोपी म्हणून उभा राहतो. ‘हॅजन्ट इट बीन क्लीन्ड?’ म्हटलं तर बोलणं काचेपुरतं राहतं. टीकेची धार त्यातही आहे, पण ती कोणा एकावर रोखलेली नाही.

नियमाला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर तो नको तिथेही लावला जातो. पहिला शब्द पुढे येतो तो थेट प्रश्नात. प्रश्न दुसऱ्या वाक्यात शिरला की तो मागे आपल्या जागी जातो: ‘आय आस्क्ड व्हेदर द विंडो हॅड बीन ब्रोकन’. इथे ‘हॅड’ पुढे आणला तर चूक होते, आणि प्रश्नाची सवय नुकतीच लागलेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते. तसंच ‘हॅज इट बीन बीइंग क्लीन्ड?’ असं रूप नियमाने तयार होतं, पण जिभेला इतकं जड जातं की इंग्रजी बोलणारे ते क्वचितच वापरतात. शालेय व्याकरणात या काळाला पॅसिव्ह नाही असं सांगतात, आणि शिकणाऱ्याने ते तसंच मानून चालावं.

शेवटी परीक्षेचा आक्षेप राहतो: रूपांतर विचारलं जातं, म्हणून शिकवावं लागतं. विचारणं बदलता येईल. ‘खाली दिलेल्या वाक्याचा व्हॉइस बदला’ असं न म्हणता प्रसंग द्यावा. तुम्ही सुट्टीहून परत आलात, खिडकीची काच फुटलेली आहे, शेजारच्या माणसाला चार प्रश्न विचारा, कोणी केलं ते मात्र विचारू नका. किंवा एक होकारार्थी विधान द्यावं, ‘द रूम हॅज बीन क्लीन्ड’, आणि त्याचा प्रश्न, नकार आणि नकारार्थी प्रश्न मागावा, मग तेच काल, आत्ता आणि उद्या यांसाठी. तपासणाऱ्याला गुण द्यायला हे रूपांतराइतकंच सोपं आहे, कारण प्रत्येक उत्तरात पाहायचं एकच असतं: पहिला शब्द कोणता, आणि तो कुठे उभा आहे.